परिपाठ लांबला, तास वीस मिनिटांचा उरला. मग पाठ कुठून कापायचा?

सकाळी शाळा भरते आणि परिपाठ सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं तर परिपाठ वेळेत संपतो. पण कधी जयंती असते, कधी कुणाचा सत्कार असतो, कधी वह्यावाटप असतं. गावातले पाहुणे 'दोन शब्द' बोलायला उभे राहतात आणि ते दोन शब्द पंधरा मिनिटं चालतात. पोरं ओळीनं वर्गात जाऊन बसेपर्यंत पहिल्या तासाचा निम्मा वेळ गेलेला असतो. चाळीस मिनिटांचा तास वीस मिनिटांवर येतो.

शिक्षकाने आदल्या दिवशी टाचण काढलेलं असतं ते चाळीस मिनिटांचं. आता वीस मिनिटांत काय शिकवायचं आणि काय सोडायचं, हे त्याला मैदानातून वर्गापर्यंत चालत जाताना ठरवावं लागतं. ते बरोबर ठरलं तर त्या वीस मिनिटांतही पोरं एक गोष्ट पक्की शिकून उठतात. चुकीचं ठरलं तर धडा 'झाला' अशी नोंद होते, पण वहीत आणि डोक्यात काहीच उरत नाही. हे नेमकं कसं घडतं आणि पाठ कापायचा तर कुठून कापायचा, ते पाचवीच्या गणिताचं एक उदाहरण घेऊन पाहू.

घंटा नेहमी शेपूट कापते

बहुतेक पाठांचं टाचण एकाच क्रमाने लिहिलेलं असतं. आधी गृहपाठ तपासणी, मग मागची उजळणी, मग शिक्षकाने फळ्यावर समजावणं, मग पोरांनी स्वतः गणितं सोडवणं आणि सगळ्यात शेवटी कळलं की नाही याची तपासणी. चाळीस मिनिटं हातात असतील तर या क्रमात काही गैर नाही.

वेळ कमी झाला की शिक्षक साधारण दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर तोच पाठ भरभर बोलून उरकतो. नाहीतर नेहमीसारखी सुरुवात करतो आणि घंटा होईल तिथे थांबतो. दोन्ही वेळा नुकसान एकाच जागी होतं. पोरांनी स्वतः करायचं काम पाठाच्या शेवटी असतं, त्यामुळे तेच जातं. गृहपाठ तपासून होतो, उजळणी होते, फळ्यावर चार उदाहरणं होतात, पण पोराने स्वतःच्या हाताने एकही गणित सोडवलेलं नसतं.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. लाइट ठरल्यापेक्षा लवकर जाणार असं माहीत असताना जो दरवेळी विहिरीजवळच्या सरीपासूनच पाणी द्यायला सुरुवात करतो, त्याचं टोकाचं रान कायम कोरडं राहतं. पाठाचंही तसंच आहे. शेवट वाचवायचा असेल तर सुरुवातीचं आणि मधलं कमी करावं लागतं. ते काम शिक्षकाने स्वतः केलं नाही तर घंटा करते, आणि घंटेला पाठातलं काय महत्त्वाचं ते कळत नाही.

चाळीस मिनिटांचा मूळ बेत

इयत्ता पाचवी, विषय गणित, घटक सममूल्य अपूर्णांक. वर्गात अठ्ठावीस पोरं आहेत असं धरू. सममूल्य अपूर्णांक म्हणजे दिसायला वेगळे, पण किमतीला सारखे. अर्धी भाकरी म्हटलं काय किंवा भाकरीचे चार भाग करून त्यातले दोन म्हटलं काय, पोटात जाते तेवढीच. म्हणून १/२ आणि २/४ सममूल्य आहेत. खालचा आकडा, म्हणजे छेद, एकूण किती सारखे भाग केले ते सांगतो. वरचा आकडा, म्हणजे अंश, त्यातले किती घेतले ते सांगतो.

बाईंचा मूळ बेत असा होता. पाच मिनिटं गृहपाठ तपासायचा. पाच मिनिटं अंश आणि छेदाची उजळणी. आठ मिनिटं कागदाची पट्टी दुमडून १/२, २/४ आणि ४/८ सारखे कसे ते दाखवायचं. दहा मिनिटं फळ्यावर चार उदाहरणं. दोन गुणून, दोन भागून. आठ मिनिटं पोरांनी वहीत सहा गणितं सोडवायची. उरलेल्या चार मिनिटांत सारांश आणि गृहपाठ. सगळे मिळून चाळीस.

आता हाच पाठ जसा आहे तसा सुरू केला आणि विसाव्या मिनिटाला घंटा झाली, तर काय होतं ते मोजून बघा. गृहपाठ झाला, उजळणी झाली, पट्टी झाली, म्हणजे अठरा मिनिटं गेली. उरलेल्या दोन मिनिटांत फळ्यावर पहिलं उदाहरण जेमतेम अर्धं होईल. अठ्ठावीसपैकी एकाही पोराने स्वतः एकही गणित केलेलं नसेल. दुसऱ्या दिवशी बाई म्हणणार, काल सममूल्य अपूर्णांक बघितले ना? आणि अख्खा वर्ग एका सुरात 'हो' म्हणणार.

आधी एक वाक्य ठरवायचं

पाठ कापायला घेण्याआधी एक वाक्य पक्कं करावं लागतं. घंटा होईल तेव्हा पोराला कोणती एक गोष्ट स्वतः करता आली पाहिजे? 'अपूर्णांक समजले पाहिजेत' हे वाक्य उपयोगाचं नाही, कारण समजलं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. 'पोराला अंश आणि छेद या दोघांना एकाच संख्येने गुणून सममूल्य अपूर्णांक काढता आला पाहिजे' हे वाक्य चालतं, कारण वहीत बघून ते तपासता येतं.

मूळ बेतात खरं तर तीन गोष्टी होत्या. दोन अपूर्णांक सारखे असू शकतात हे डोळ्यांनी बघणं, गुणून सममूल्य अपूर्णांक काढणं आणि भागून काढणं. वीस मिनिटांत तिन्ही बसत नाहीत. म्हणून भागाकार उद्यावर टाकायचा. बघणं आणि गुणणं मात्र एकत्र ठेवायचं, कारण एकाशिवाय दुसरं टिकत नाही.

इथेच बरेचदा घोटाळा होतो. घाई झाली की पहिली कात्री चालते ती कागदाच्या पट्टीवर. 'तो खेळ नंतर करू, आधी नियम सांगतो' असं म्हणून फळ्यावर नियम लिहिला जातो: वर-खाली एकाच संख्येने गुणा. पोरं नियम पाठ करतात. पण का गुणायचं ते बघितलेलं नसल्यामुळे आठ दिवसांनी गुणायचं होतं की मिळवायचं होतं तेच आठवत नाही. मग २/३ च्या वर-खाली एक-एक मिळवून ३/४ लिहिलं जातं आणि दोन्ही सारखेच असं पोर खुशाल सांगतं. ही चूक पाचवीच्या वह्यांत नेहमी सापडते. पट्टी त्याच चुकीवरचा इलाज आहे, म्हणून तिचा वेळ कमी करावा, पण तिला काढून टाकू नये.

मग कापायचं काय? गृहपाठ तपासणी पूर्ण काढायची. वह्या गोळा करून ठेवल्या तर त्या मधल्या सुट्टीतही बघता येतात. वेगळी उजळणी काढायची. ती पहिल्या प्रश्नातच मिसळायची. फळ्यावरची चारपैकी तीन उदाहरणं काढायची. ती उतरवून घेण्याचं कामही काढायचं, कारण फळ्यावरचं वहीत उतरवण्यात पोरांचा वेळ जातो आणि डोकं फारसं चालत नाही. वहीतली सहा गणितं दोनवर आणायची. तपासणीला मात्र हात लावायचा नाही.

वीस मिनिटं, एकेक करून

पोरं आत येण्याआधी फळ्यावर एकच प्रश्न लिहिलेला असावा: एकाने १/२ भाकरी खाल्ली, दुसऱ्याने तेवढ्याच भाकरीची २/४ खाल्ली; जास्त कोणी खाल्ली? पोरांनी बसता बसता वहीत उत्तर लिहायचं. परिपाठावरून आलेला वर्ग शांत व्हायला दोन मिनिटं जातातच. ती दोन मिनिटं कामाला लागतात आणि अंश-छेदाची उजळणीही त्यातच होते. बाईंनी अजून उत्तर सांगायचं नाही.

पुढची पाच मिनिटं पट्टीची. प्रत्येक पोराच्या हातात रद्दी कागदाची एक लांब पट्टी. या पट्ट्या आधीच कापलेल्या पाहिजेत. वर्गात कापायला घेतल्या तर पाच मिनिटं कापण्यातच जातात. पट्टी मधोमध दुमडायची, उघडायची आणि एका भागात पेन्सिलीने रेघोट्या मारायच्या. झाला १/२. आता तीच पट्टी घडीवर पुन्हा दुमडायची, तशीच आणखी एकदा मधोमध दुमडायची आणि उघडून मोजायचं. एकूण भाग चार झाले, रेघोट्यांचे भाग दोन झाले.

इथे बाईंनी दोनच प्रश्न विचारायचे. रेघोट्यांची जागा वाढली का? नाही वाढली. मग भागांचं काय झालं? एकूण भाग दुप्पट झाले आणि रेघोट्यांचे भागही दुप्पट झाले. नियमामागचं कारण एवढंच आहे. एका घडीने प्रत्येक भागाचे दोन तुकडे केले, म्हणून खालचा आकडाही दोनाने गुणला गेला आणि वरचाही. फळ्यावरच्या भाकरीच्या प्रश्नाचं उत्तर आता पोरंच देतात. मूळ बेतात पट्टी आठ भागांपर्यंत दुमडायची होती. ती तिसरी घडी सोडून दिली की तीन मिनिटं वाचतात, आणि समजायला एक घडी पुरते.

सातव्या मिनिटापासून चार मिनिटं फळ्यावर एकच उदाहरण घ्यायचं, २/३ चं. चिक्कीच्या वडीसारखा एक आयत काढायचा, त्याचे उभ्या रेघांनी तीन सारखे भाग करायचे आणि दोन भाग रंगवायचे. मग मधोमध एक आडवी रेघ मारायची. एकूण भाग सहा, रंगवलेले चार. म्हणून २/३ म्हणजेच ४/६. आकड्यांत लिहायचं तर दोन दुणे चार वर आणि तीन दुणे सहा खाली.

लगेच त्याच्या शेजारी तेवढाच दुसरा आयत काढून त्याचे चार भाग करायचे आणि तीन रंगवायचे. विचारायचं, वर-खाली एक-एक मिळवून हे ३/४ आलं, मग हे पहिल्याएवढं आहे का? आयत एका मापाचे आणि भाग सारखे काढले असतील तर ३/४ चा रंग पुढे गेलेला दिसतो. पोरं नेमकी कुठे चुकणार हे आधीच माहीत असल्यामुळे ती चूक फळ्यावर आणून दाखवायला एक मिनिट पुरतं. याच कामासाठी मूळ बेतात चार उदाहरणं होती. नीट निवडलेलं एक उदाहरण आणि एक चुकीचं उदाहरण ती जागा भरून काढतात.

अकराव्या मिनिटाला खडू खाली ठेवायचा. पुढची पाच मिनिटं पोरांची. दोन गणितं. पहिलं, ३/४ चा असा सममूल्य अपूर्णांक काढा की छेद ८ येईल. दुसरं, २/५ चा असा काढा की छेद १५ येईल. पहिल्यात दोनाने गुणायचं, उत्तर ६/८. दुसऱ्यात तीनाने गुणायचं, उत्तर ६/१५. दोन्ही मुद्दाम वेगळी आहेत. दोन्हीत दोनानेच गुणायचं असतं तर पोरांनी 'नुसतं दुप्पट करायचं' एवढंच धरलं असतं आणि तेही बरोबर आलं असतं. दुसऱ्या गणितात ते उघडं पडतं.

या पाच मिनिटांत बाईंनी बोलायचं नाही, फिरायचं. अठ्ठावीस वह्या बघून होत नाहीत. पण पुढच्या बाकावरची दोन, मधली दोन आणि मागची तीन-चार, अशा सात-आठ वह्या बघितल्या तरी वर्गाचा अंदाज येतो. पुढे बसणारी हुशार पोरं बघूनच 'वर्गाला आलं' असं समजणं, ही घाईच्या तासातली आणखी एक नेहमीची चूक.

सोळाव्या मिनिटाला तपासणी. फळ्यावर एक प्रश्न आणि तीन पर्याय: २/३ एवढाच अपूर्णांक कोणता? पहिला ३/४, दुसरा ४/५, तिसरा ४/६. पोरांनी डोळे मिटायचे आणि जे उत्तर वाटतं तितकी बोटं छातीजवळ धरायची. डोळे मिटलेले असल्याने कोणी कोणाचं बघत नाही. ४/६ चा आयत त्याआधी फळ्यावरून पुसलेला पाहिजे, नाहीतर पोरं बघून सांगतात.

हे तीन पर्याय विचार करून निवडलेले आहेत. तीन बोटं दाखवणाऱ्याला आलं. एक बोट दाखवणारा वर-खाली एक-एक मिळवतोय. दोन बोटं दाखवणारा वर-खाली दोन-दोन मिळवतोय. दोनाचं काहीतरी करायचं हे त्याला आठवतं, पण गुणायचं हे विसरलाय. बाईंनी बोटं मोजून तीन आकडे टाचणाच्या कडेला लिहून ठेवायचे. अख्खी तपासणी तीन मिनिटांत होते.

शेवटच्या मिनिटात गृहपाठ सांगायचा, तोही वर्गात झाला त्याच प्रकारच्या दोन गणितांचा. भागाकाराची गणितं आज द्यायची नाहीत. जे वर्गात शिकवायला वेळ मिळाला नाही ते गृहपाठात ढकललं, तर ज्या घरात मोठं भावंडं किंवा शिकलेले आईबाप आहेत तिथेच ते होतं. बाकीची पोरं दुसऱ्या दिवशी कोरी वही घेऊन येतात किंवा शाळा भरायच्या आधी कोणाचं तरी उतरवतात.

दुसऱ्या दिवशी काय करायचं

समजा बोटांची मोजणी अशी आली: एकोणीस पोरांनी तीन बोटं दाखवली, सहांनी एक आणि तिघांनी दोन. म्हणजे नऊ पोरांची गाडी अजून मिळवण्यावरच अडलेली आहे. दुसऱ्या दिवशी पहिली पाच मिनिटं वडीचा आयत पुन्हा काढायचा, आणि या नऊपैकीच कोणालातरी फळ्यावर बोलावून रेघ मारायला लावायची. बाकीच्यांनी तोवर दोन नवी गणितं करायची. मग भागाकाराकडे वळायचं.

हेच उलटं आलं असतं, म्हणजे निम्म्याहून जास्त पोरांनी चुकीची बोटं दाखवली असती, तर भागाकार आणखी एक दिवस पुढे ढकलणं भाग होतं. गुणून सममूल्य अपूर्णांक येत नसताना भागून शिकवला की दोन्हीची सरमिसळ होते. पुढे भिन्नच्छेद अपूर्णांकांची बेरीज येते, १/२ अधिक १/३ सारखी. तिथे आधी दोघांचे छेद सारखे करावे लागतात आणि ते सममूल्य अपूर्णांकाशिवाय होत नाही. इथे राहिलेली कच तिथे दिसते: पोर सरळ वरचे वर आणि खालचे खाली मिळवून २/५ लिहून मोकळं होतं. हे २/५ तर अर्ध्यापेक्षाही कमी आहे. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

टाचणातली नोंदही खरी हवी. 'सममूल्य अपूर्णांक झाला' असं न लिहिता 'गुणून झालं, भागून बाकी, नऊ पोरं कच्ची' असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी दुसरे शिक्षक त्या वर्गावर आले तरी त्यांना कुठून सुरू करायचं ते कळतं.

प्रत्येक पाठ असा कापता येत नाही

विज्ञानाचा जो प्रयोग व्हायलाच अर्धा तास लागतो, तो वीस मिनिटांत होत नाही. पाणी उकळेपर्यंतच घंटा झाली तर पोरांनी फक्त स्टोव्ह पेटलेला बघितला असं होईल. अशा दिवशी तो प्रयोग पुढे ढकलून त्या तासाला सराव घेणं बरं. निबंधलेखनाचंही तसंच, विचार करायला आणि लिहायला सलग वेळ लागतो. मराठीचा धडा मात्र कापता येतो. अख्खा धडा बाईंनी वाचून दाखवण्याऐवजी एकच परिच्छेद पोरांनी वाचायचा आणि त्यावर एका प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहायचं. इथेही राखायचं ते पोराने करायचं कामच.

दोन शिक्षकी शाळांची अडचण आणखी वेगळी आहे. तिथे एकाच शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात. वीस मिनिटांचे दहा-दहा करून दोन्ही वर्गांना नवीन शिकवायला गेलं तर दोन्हीकडे अर्धवट राहतं. त्यापेक्षा चौथीला आधी येत असलेल्या गणितांचा लेखी सराव देऊन पाचवीकडे पूर्ण वीस मिनिटं बसायचं आणि दुसऱ्या दिवशी उलटं करायचं, हे जास्त पदरात पडतं.

आणि एक गोष्ट एकट्या शिक्षकाच्या हातात नाही. परिपाठ लांबला की मार बसतो तो पहिल्या तासाला. वेळापत्रकात पहिला तास रोज गणिताचा असेल तर दरवेळी गणितच जातं. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं गेली, तर चार आठवड्यांत एकशे साठ मिनिटं होतात. म्हणजे चाळीस मिनिटांचे चार तास, तेही एकाच विषयाचे. मुख्याध्यापकांनी ठरवलं तर यावर उपाय आहे. ज्या दिवशी मोठा कार्यक्रम आहे त्या दिवशी आठ तासांतून प्रत्येकी अडीच मिनिटं कमी केली की वीस मिनिटं भरून निघतात आणि कुठलाच पाठ निम्मा होत नाही. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिवस, २६ नोव्हेंबरचा संविधान दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच माहीत असतात. त्या दिवसांचं वेळापत्रक आधीच बसवता येतं. अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी मात्र वीस मिनिटांचा बेत तयार ठेवावा लागतो. त्यासाठी रोजच्या टाचणात तीन खुणा पुरतात: हे राहिलंच पाहिजे, हे वेळ मिळाला तर, हे उद्यावर गेलं तरी चालेल. खुणा आदल्या दिवशी केलेल्या असल्या की पाहुण्यांचं भाषण चालू असतानाच पाठ कापून तयार होतो.

गावाने काय बघावं

शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे २००९ च्या कायद्याने, पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवलेलं आहे. कायदा नुसते दिवस मोजत नाही, तासही मोजतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत किती दिवस शाळा भरली हे विचारलं जातं. पहिला तास महिन्यातून किती वेळा बुडाला किंवा अर्धा झाला, हेही विचारता येईल. परिपाठात बोलायला उभं राहणारे बहुतेक जण गावातलेच असतात. पाच मिनिटांत भाषण आवरलं तर पहिल्या तासाला हात लागत नाही.

घरी पोर आल्यावर 'आज काय शिकवलं?' असं विचारलं तर 'अपूर्णांक' एवढंच उत्तर मिळतं आणि त्यावरून काही कळत नाही. त्याऐवजी जेवायला बसल्यावर एका भाकरीचे तीन सारखे भाग करून दोन त्याच्या ताटात ठेवा. विचारा, याच भाकरीचे सहा भाग केले असते तर एवढीच भाकरी मिळायला किती तुकडे द्यावे लागले असते? 'चार' म्हणालं आणि प्रत्येक भागाचे दोन-दोन तुकडे होतात म्हणून, असं कारण सांगितलं, तर वीस मिनिटांचा तास कामी आला. 'पाच' म्हणालं तर तीनाचे सहा झाले म्हणजे तीन वाढले, मग दोनातही तीन मिळवायचे, असं त्याने धरलंय. तेव्हा रागावू नका. प्रत्येक भाग त्याच्याच हाताने अर्धा मोडायला लावा, तुकडे मोजायला सांगा, आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्या कानावर घाला.